कथा : ढवळीचं कोकरू (आणि शेवटी एक शंका)

रानवाट | सोमवार, रात्री ९.४०

दोन वर्षं डोक्यात असलेली गोष्ट एकदाची उतरवली. माणसं काल्पनिक आहेत, रात्र खरी आहे : १ डिसेंबर २०२१, जुन्नर तालुका. त्या अवकाळी पावसात आणि गारठ्यात पुणे, नगर, नाशिककडे किती मेंढरं दगावली हे तेव्हा पेपरात वाचलं असेल. शंका शेवटी विचारतो.

---

दुपारपासून झिमझिम होती. अंधार पडायला वारा सुटला आणि झिमझिमीचा पाऊस झाला.

मेंढपाळांचा वाडा, पारनेरकडचा. कांदा निघालेल्या काळ्या रानात शेतकऱ्यानं तीन रात्री मेंढरं बसवायला सांगितली होती, त्यातली ही दुसरी. खांड एकशे चाळीसची, त्यात अकरा गाभण्या, आणि सगळी मेंढरं दिवाळीत कातरलेली. दिवाळी होऊन महिनाही झाला नव्हता. लोकर कुठं बोटाच्या पेराएवढी आली होती.

आठ वाजता वाघरीची पहिली मेख उपटून आली. काळ्या मातीत मेख धरेना. जाळी खाली बसली तशी मेंढरं एकमेकांवर सरकायला लागली, आणि त्यांच्या पायाखाली चिखलाचं पाणी घोट्याला आलं.

"वर मुरमाव न्यायची," भिवाचा बाप म्हणाला.

"वर वारं हाय," थोरली आई म्हणाली.

"हितं पानी हाय."

त्यावर ती काही बोलली नाही. तिनं डालग्यातली कोंबडी काढून घोड्याच्या खोगिराखाली कोंबली आणि डालग्यात दोन-तीन दिवसांची चार कोकरं ठेवली. भिवाच्या हातात बॅटरी होती. सगळी खांड वर हलवायला तास गेला. बाराचौदा मेंढ्या जागच्या हलेनात, त्यांना कानाला धरून ओढत न्यावं लागलं. वर पोचल्यावर बापानं घोड्यावरच्या गोण्या एकावर एक रचून वाऱ्याच्या अंगाला भिंतीसारखी आड केली, आणि असलेली एकुलती ताडपत्री त्यावरून खाली ओढली. ताडपत्रीखाली चूल पेटली. सरपण ओलं, धूरच जास्त.

दहाच्या सुमाराला काळी व्याली. उभ्या उभ्याच, काही त्रास नाही. वळून चाटायला लागली आणि कोकरू अर्ध्या तासात कासेला लागलं.

मग बांडी आडली. पाण्याची पिशवी फुटून बराच वेळ झाला होता. बाहेर नाक दिसत होतं आणि एकच खूर. भिवाच्या आईनं हात साबणानं धुतला, कोपरापर्यंत तेल लावलं.

"बॅटरी हलवू नगंस."

कळ ओसरली तशी तिनं डोकं हळूच आत ढकललं. भिवाला वाटलं, बाहेर काढायचं सोडून ही उलटं काय करतेय! तिचे डोळे मिटलेले होते. आत बोटं मागे दुमडलेला गुडघा शोधत होती. सापडल्यावर तिनं खूर तळव्यात झाकला, गर्भपिशवीला त्याची टोकं लागू नयेत म्हणून, आणि पाय पुढं ओढून घेतला. पुढची कळ आली तेव्हा दोन खूर आणि त्यांच्यावर नाक, असं सरळ आलं. बाकीचं बांडीनंच केलं.

तेवढ्यात कुत्रं उसाकडं तोंड करून भुंकायला लागलं. बाप कुऱ्हाड घेऊन तिकडं गेला आणि तिकडंच राहिला. परत आला तेव्हा पहाट झाली होती.

साडेबाराला भिवाला जाळीच्या पलीकडं काहीतरी काळं दिसलं. पहिल्या वेताची मेंढी व्याली होती आणि कोकरू टाकून कळपात जाऊन उभी राहिली होती. कोकरू चिखलात पसरलेलं, अंगावरचा पडदासुद्धा तसाच. थोरल्या आईनं त्याच्या तोंडात बोट घातलं.

"गार हाय. पन जीव हाय."

गोणपाटानं तिनं ते खसाखसा पुसलं, नाकातोंडातला चिकटा काढला, आणि लुगड्याच्या ओच्यात उघड्या पोटाशी धरून वरून घोंगडी घेतली. भिवानं वाटीत बांडीचा चीक पिळून आणला.

"आत्ता न्हाई. आदी मान धरू दे त्याला."

किती वेळ ती तशी बसली होती कुणास ठाऊक. मग घोंगडीतून बारीक आवाज आला. तिनं पुन्हा बोट घातलं, आणि ह्या वेळी कोकरानं ते चोखलं. तेव्हा कुठं चीक दिला, बोटावरून, थेंब थेंब.

भिवानं हे सगळं नीट बघून ठेवलं. म्हणून दोन वाजता डालग्यातलं ढवळीचं कोकरू मान टाकून पडलेलं त्याला दिसलं, तेव्हा त्यानं कुणाला हाक मारली नाही. ते परवाचं, चांगलं उड्या मारणारं होतं. पोट मात्र पाठीला लागलं होतं. दुपारपासूनच्या धावपळीत त्याला आईखाली कुणी सोडलंच नव्हतं. भिवानं त्याच्या तोंडात बोट घातलं. गार. गोणपाटानं पुसलं, घोंगडीत गुंडाळलं, चुलीशी धरून बसला. चीक गरम करून ठेवला, ते मान धरायची वाट बघत.

अंग हळूहळू कोमट झालं. भिवाला हसू आलं. आणि मग कोकरानं मान मागं फेकली, चारी पाय ताठ केले, सायकल मारल्यासारखे झाडले, आणि ते गेलं. गरम होतं तरी गेलं.

थोरली आई आली. तिनं कोकराचं पोट चाचपलं, भिवाकडं बघितलं, आणि काही म्हणाली नाही. विळी मागवली.

पहाटे पाऊस थांबला तेव्हा पहिल्या वेताच्या मेंढीचं कोकरू दुसऱ्याच्या कातड्यात उभं होतं. कातड्याला चार भोकं, चार पाय त्यातून बाहेर. ढवळीची कास तट्ट भरलेली. तिनं त्याच्या शेपटीखाली हुंगलं, एकदा ढुशी दिली, पुन्हा हुंगलं. थोरली आई तिच्या मानेला धरून बसली होती. कोकरानं कास शोधली.

बाप मेलेल्या मेंढ्या मोजत होता. सात झाल्या होत्या, अजून पलीकडची बाजू राहिली होती.

भिवा कोकराच्या शेपटीकडं बघत होता. ती हलत नव्हती, हलत नव्हती, आणि मग हलायला लागली.

---

आता शंका. चुलीशी धरलेलं कोकरू गरम झाल्यावर गेलं, हे मी एका वाड्यावर ऐकलंय, माझ्या मनचं नाही. पण दोन्ही कोकरांना एकच उपाय केला, मग एक जगलं आणि एक का गेलं? वाड्यावर उत्तर मिळालं, "त्येचं तेवढंच व्हतं." मला ते पुरेना.

---

अक्षरवेल | सोमवार, रात्री १०.२५

बांडीचा प्रसंग फार चांगला जमलाय. "बाहेर काढायचं सोडून उलटं काय करतेय" हे मुलाच्या डोळ्यातून आल्यामुळे मलाही कळलं. शेवटची शेपटी मात्र थोडी ठरवून आणल्यासारखी वाटली. मी असते तर सात मेंढ्यांवर थांबले असते. आणि बाप रात्रभर गायब का? लेखकाला अडचण झाली म्हणून त्याला उसाकडे पाठवलं का?

चहाटळ | सोमवार, रात्री १०.५१

गोष्ट आवडली, पण मुळातच एक खटकलं. लोकर ओली झाली तरी ऊब देते. म्हणून तर ट्रेकला आम्ही सुती कपडे घालत नाही. मेंढी म्हणजे चालतंबोलतं स्वेटर, तिला पावसाचं काय! मेंढ्या थंडीनं नाही, चेंगरून मेल्या असणार.

सातबारा | सोमवार, रात्री ११.१०

पंचनामा झाला का? मेलेल्या मेंढ्यांचे फोटो काढून ठेवा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका. आमच्या गावात एकानं घाईनं खड्डा केला आणि मग हेलपाटे घालत बसला. त्या कुटुंबाचा नंबर असेल तर व्यनि करा.

रानवाट | सोमवार, रात्री ११.१८

@सातबारा, अहो कथा आहे. माणसं काल्पनिक आहेत असं वरच लिहिलंय. पण तळमळ पोचली.

@अक्षरवेल, अडचण मुळीच नाही. जुन्नरच्या उसात बिबट्या असतो. व्यायलेल्या मेंढीचा वास सुटला की एक माणूस त्या बाजूला उभा राहतोच. शेपटीबद्दल विचार करतो.

वाघरकाठी | मंगळवार, सकाळी ७.०५

माझा जन्म वाड्यावरचा. आता नोकरी करतो, पण चुलत्यांची खांड अजून चालू आहे.

चहाटळ, तुमचं अर्धं बरोबर. लोकर ऊब देते, पण ती अंगावर असली तर! आमची दख्खनी मेंढी मुळातच आखूड, जाड, विरळ लोकरीची. ती उन्हाची आणि लांब चालीची जात आहे. त्यात कातरून महिना झालेला नाही, म्हणजे पाणी थेट कातडीला. त्या रात्री नुसता पाऊस असता तर मेंढी तगली असती, नुसती थंडी असती तरी तगली असती. दोन्ही आणि वर वारा, तिथं गडबड झाली. चेंगरूनही मेल्या, पण आधी गारठून बसल्या आणि मग बाकीच्या अंगावर आल्या.

रानवाट, एक चूक दाखवतो. मुरमावर नेली ती. मी नेली नसती. वाऱ्यापेक्षा पाणी परवडलं. बांधाच्या आडोशाला, ओल्यात का होईना, उभी राहिली असती.

रानवाट | मंगळवार, सकाळी ८.३०

पण मी ज्यांच्याकडून ऐकलं ते वर नेऊनच वाचले म्हणतात. खाली राहिलेल्या शेजारच्या वाड्याचं जास्त नुकसान झालं.

वाघरकाठी | मंगळवार, सकाळी ८.४४

आणि माझे चुलते खाली राहून वाचले. त्यांच्या रानाला दगडी ताल होती हे खरं. जाऊ द्या, हे असं बसून ठरायचं नाही.

गोठ्यातला डॉक्टर | मंगळवार, दुपारी २.१५

रानवाट, तुमच्या शंकेचं उत्तर तुमच्याच कथेत आहे. एक कोकरू तासाभराचं होतं, दुसरं परवाचं. फरक तिथंच आहे.

कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात थोडी खास चरबी असते, मूत्रपिंडाभोवती आणि खांद्यापाशी. बाहेर आल्यावर ऊब टिकवायला ते ती जाळतं. साधारण पाचेक तास पुरते. गारठ्यात आणखी लवकर संपते. पहिल्या वेताच्या मेंढीचं कोकरू गार पडलं ते ओलं होतं आणि वारा होता म्हणून. पोटात काही नव्हतं, पण शिदोरी अजून शिल्लक होती. त्याला कोरडं करून पोटाशी धरलं, अंग तापलं, शिदोरी कामी आली. म्हातारीनं आधी ऊब, मान धरल्यावर चीक, हा जो क्रम ठेवला तो अगदी बरोबर. मान न धरणाऱ्या कोकराच्या तोंडात दूध ओतलं तर ते फुप्फुसात जातं.

ढवळीचं कोकरू दोन दिवसांचं. ती चरबी कधीच संपलेली आणि दुपारपासून दूध नाही. ते गार पडलं ते उपासानं. रक्तातली साखर तळाला गेलेली. अशा कोकराला गरम केलं की शरीर जागं होतं, मेंदू साखर मागतो, आणि ती नसते. मग मान मागं, पाय ताठ, सायकल मारणं, सगळं तुम्ही लिहिलंय तसंच. त्याला आधी साखर द्यायला हवी होती, ऊब नंतर. भिवानं ऊब दिली नसती तरी ते गेलंच असतं, फक्त सावकाश. हे तुमच्या भिवाला सांगा.

उन्हाळी पाऊस | मंगळवार, दुपारी २.४०

म्हणजे गूळपाणी पाजायचं? आमच्याकडे शेळीचं करडू गारठलं की आजोबा चमचाभर रम पाजायचे. उठून उभं राहायचं की!

गोठ्यातला डॉक्टर | मंगळवार, सायंकाळी ६.०२

रमनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात. वरून गरम लागतं आणि आतली ऊब बाहेर पडते. उभं राहिलेलं करडू रमनं उभं राहिलं की आजोबांनी ते कोटात घेतलं म्हणून, हे तुम्हीच आठवून बघा.

गूळपाणी मान धरणाऱ्याला चालेल, नुसतं दूध मिळालं तर आणखी उत्तम. पण मान टाकलेल्याला तोंडातून काहीच नाही. तिथं ग्लुकोज पोटाच्या पोकळीत सुईनं देतात. वीस टक्क्यांचं द्रावण, किलोला दहा मिली, म्हणजे दख्खनीच्या अडीच-तीन किलोच्या कोकराला पंचवीस ते तीस मिली. दुकानात पंचवीस टक्क्यांचं डेक्स्ट्रोज मिळतं. त्याचे चार भाग आणि उकळून कोमट केलेलं पाणी एक भाग. द्रावण अंगाएवढं गरम हवं, गार दिलं तर आणखी गारठा. सुई नाभीच्या खाली इंचभर आणि इंचभर बाजूला, टोक शेपटीकडे. पण हे वाचून करू नका. डॉक्टरांसमोर दोनदा हात बसवून घ्या, आतडं किंवा मूत्राशय टोचायला वेळ लागत नाही. सुई दिल्यावर मगच उबेला ठेवायचं.

चहाटळ | मंगळवार, सायंकाळी ६.२०

पण अंधारात, पावसात ओळखायचं कसं, हे कोकरू कुठल्या प्रकारचं? प्रत्येकाचा जन्माचा तास कोण लिहून ठेवतो?

गोठ्यातला डॉक्टर | मंगळवार, सायंकाळी ६.४१

नाळ बघा. ओली, मऊ, लोंबणारी असेल तर आजचं. सुकून काळी दोरी झाली असेल तर जुनं. मग पोट चाचपायचं, म्हातारीनं चाचपलं तसं. थर्मामीटर असेल तर उत्तम : निरोगी कोकरू ३९ ते ४० सेल्सियस. ३७ ते ३९ च्या मध्ये असेल आणि मान धरत असेल तर पुसा, पाजा, आडोशाला ठेवा, बास. ३७ च्या खाली गेलं की वयाचा प्रश्न येतो. थर्मामीटर नसेल तर तोंडातलं बोट. थोरल्या आईचं यंत्र वाईट नाही, फक्त ते वय सांगत नाही.

धुकेरी बेट | मंगळवार, रात्री ११.५५

मी स्कॉटलंडमध्ये असते. शेजारी मेंढ्यांचं मोठं फार्म आहे, मार्च-एप्रिलमध्ये मदतीला जाते. इथेही पाऊस आणि वारा दोन्ही, आणि इथेही हाच क्रम शिकवतात. त्यांच्याकडे गरम हवेची पेटी असते. दिवा थेट अंगावर टाकत नाहीत, एक बाजू भाजते आणि दुसरी गारच राहते. चुलीचंही तेच असेल ना? माळावर चालेल अशी एकच गोष्ट इथे पाहिली : पातळ प्लॅस्टिकचं जाकीट. पाय आणि डोकं बाहेर, पाठ आणि पोट झाकलेलं. वारा लागत नाही आणि आई शेपटीकडून हुंगू शकते.

कातडं घालायची रीत इथे अजून आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाहेर जाऊन बसले होते.

वाघरकाठी | बुधवार, सकाळी ६.५०

जाकीट खताच्या रिकाम्या गोणीतल्या आतल्या प्लॅस्टिकचं होईल. ते वाड्यावर असतंच, पीठ झाकायला.

कातड्याचं मात्र मला पटत नाही. आमच्यात मेलेलं कोकरू सोलत नाहीत, पुरतात. परकं कोकरू लावायचं तर व्यायलेल्या मेंढीची वार आणि पाणी त्याला चोळतात, अंधारात तिच्यापुढं ठेवतात. रानवाटनं हे इंग्रजी पुस्तकातून घेतलं का?

रानवाट | बुधवार, सकाळी ९.१५

नाही हो. पारनेरकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं. त्यांनी स्वतः एकदाच केलं होतं आणि तेही नवऱ्याला न सांगता. तुमच्यात करत नसतील, त्यांच्यातही सर्रास करत नसावेत.

गोठ्यातला डॉक्टर | बुधवार, दुपारी १.३०

दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. वार आणि पाणी चोळणं चालतं ते मेंढी नुकती व्यायलेली असताना. पहिल्या काही तासांत ती वासावरून आपलं कोकरू ठरवते, तोवर तिला फसवता येतं. ढवळीला व्यायला दोन दिवस झाले होते, तिची ओळख पक्की झालेली. तिला दुसऱ्या मेंढीचं पाणी हुंगवून काही उपयोग नव्हता, तिला तिच्याच कोकराचा वास हवा होता. दोनतीन दिवसांत नव्या कोकराच्या शेणालघवीला तिच्या दुधाचा वास येतो, मग कातडं काढतात. फार ठेवलं तर सडतं.

एक सुचवू का? त्या कोकराला अंगात कातडं चढवण्याआधी पोटभर चीक मिळाला होता का, हे कथेत नाही. दोन दिवसांच्या ढवळीकडे आता चीक नाही, दूध आहे. पहिल्या वेळी किलोला पन्नास मिली चीक हवा, म्हणजे दीडशे मिली तरी. थेंब थेंब दिलं असं लिहिलंय. एवढ्यानं कोकरू त्या रात्री वाचेल, पण पंधरवड्यात हगवणीनं जाईल.

अक्षरवेल | बुधवार, दुपारी २.०५

डॉक्टर, तुम्ही शेपटीचा पार चुराडा केलात. आता मला ती हलायला हवी आहे.

रानवाट | बुधवार, रात्री १०.१०

बदल केलाय. भिवा पहाटेपर्यंत तीनदा वाटी घेऊन बांडीकडे आणि काळीकडे जातो. दोघींच्या कोकरांचं पोट भरल्यावर उरलेलं पिळतो. शेवटच्या खेपेला ते कोकरू वाटीतच तोंड घालतं. ढवळीचं कोकरू तसंच ठेवलंय, ते बदलायचं नाही.

वाघरकाठी | गुरुवार, सकाळी ७.२०

चुलत्यांना फोन केला होता. धाकटा चुलता म्हणाला, आमचं बी असंच एक गेलं व्हतं त्या राती, शेकताना. थोरला म्हणाला, शेकू नगा म्हनून मी सांगत व्हतो. आता दोघं भांडतायत.

डॉक्टर, डेक्स्ट्रोजच्या दोन बाटल्या, सुया आणि थर्मामीटर घेऊन देतोय त्यांना. हात बसवायला रविवारी गावच्या दवाखान्यात नेतो. बाटली घोड्यावरच्या गोणीत राहणार, एप्रिलच्या उन्हात चालेल का?

गोठ्यातला डॉक्टर | गुरुवार, सकाळी ८.०३

सीलबंद असेल तर घोंगडीच्या घडीत, मधोमध ठेवा. गढूळ दिसली किंवा एकदा उघडली की टाकून द्यायची, पुढच्या रात्रीसाठी जपून ठेवायची नाही. हे थोरल्या चुलत्यांना तुम्ही स्वतः सांगा. धाकट्यांच्या हाती निरोप देऊ नका.